फसलेल्या पहिल्या सराव पाठाची चिंतन-नोंद कशी लिहावी?

राहटोली येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून, तसेच परिसरातील अध्यापक विद्यालयांतून, छात्राध्यापक शालेय अनुभवासाठी गावोगावच्या शाळांत येतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ सालच्या विनियमांनंतर हा शाळेतील काळ पूर्वीपेक्षा बराच वाढला, व पाठ टाचणाबरोबर चिंतन-नोंदवही लिहिण्याची प्रथाही रूढ झाली. पाठ टाचण कसे असावे याबद्दल शाळेतील जुन्या शिक्षकांस पूर्ण माहिती असते. चिंतन-नोंद कशी असावी याबद्दल मात्र छात्राध्यापकास काय सांगावे, असा प्रश्न मार्गदर्शक शिक्षकांपुढे वारंवार उभा राहतो. पाठ चांगला झाला असेल तर नोंद कशीही लिहिली तरी फारसे बिघडत नाही. पहिलाच पाठ फसला असेल तर मात्र त्या नोंदीवर पुष्कळ अवलंबून असते. त्या रात्री छात्राध्यापक स्वतःविषयी किंवा मुलांविषयी जे मत बनवितो, ते पुढे दीर्घकाळ टिकते. शिवाय त्या वर्गातील मुले जे चुकीचे शिकली असतील, ते तसेच त्यांच्याजवळ राहून जाते.

प्रस्तुत लेखात अशी एकच नोंद घेऊन ती पायरी-पायरीने कशी बांधावी, ते दाखविले आहे. त्यासाठी घेतलेला पाठ नमुन्यासाठी रचलेला आहे. तथापि त्यात दाखविलेली मुलांची चूक प्राथमिक शाळेच्या कोणत्याही शिक्षकास ओळखीची वाटेल.

१. नेहमी आढळणारी नोंद

बदलापूरजवळच्या एका खेड्यातील जिल्हा परिषद शाळा, इयत्ता दुसरी, हजर मुले ३१. छात्राध्यापिका उल्हासनगरहून येणारी. विषय गणित, घटक दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी, वेळ ३५ मिनिटे. पाठ अर्ध्यावरच विस्कटला. मुलांनी गलका केला, दृढीकरण व उपयोजन राहून गेले, आणि घंटा झाली तेव्हा फळ्यावरचे उदाहरण अपुरेच होते. सायंकाळी तिने नोंदवहीत पुढील मजकूर लिहिला असे समजू.

“आज माझा पहिला पाठ होता. पाठ चांगला झाला नाही. मुले फार गोंधळ करीत होती. वर्गनियंत्रण जमले नाही व वेळ पुरला नाही. फार वाईट वाटले. पुढच्या वेळी अधिक तयारी करीन व शैक्षणिक साधने वापरीन.”

या नोंदीत खोटे काही नाही. परंतु ती वाचून पुढच्या पाठात नेमके काय बदलावे, हे कोणासही सांगता येणार नाही. यातील विषयाचे नाव काढून त्या जागी परिसर अभ्यास घातला तरी नोंद जशीच्या तशी चालेल, आणि हीच तिच्यातील मुख्य उणीव होय. “गोंधळ” हा शब्द येथे कारण म्हणून आला आहे, वस्तुतः तो परिणाम आहे. मुले केव्हा गोंधळ करू लागली, त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत काय घडले, हे त्या शब्दाखाली झाकले गेले आहे. “अधिक तयारी” हा निश्चयही तसाच आहे. कोणती तयारी, हे ठरलेले नसल्यामुळे ती झाली की नाही हे तपासता येत नाही.

चिंतन-नोंदीसाठी पुष्कळ ठिकाणी ग्रॅहॅम गिब्ज या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने १९८८ साली मांडलेल्या सहा पायऱ्या वापरल्या जातात. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष व पुढील कृती, असा त्यांचा क्रम आहे. हा क्रम चांगला आहे. अडचण येते ती तो वापरण्याच्या रीतीत. सहा रकाने आखून प्रत्येकात तीन-तीन ओळी भरल्या, की वर्णन व भावना यांनी पान भरते आणि विश्लेषणाच्या रकान्यात वर्णनच वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिले जाते. दुसरे असे की, या पायऱ्या कोणत्याही व्यवसायास लागू पडाव्यात अशा आहेत. शिक्षकाजवळ एक पुरावा असतो, तो इतर पुष्कळ व्यवसायांत नसतो. तो म्हणजे मुलांच्या वह्या. म्हणून पुढील मांडणीत मुलांच्या कामास स्वतंत्र स्थान दिले आहे व एकंदर पाच भाग केले आहेत.

२. पहिला भाग: जे घडले ते, वेळेसह

हा भाग त्याच दिवशी, शक्य तर शाळा सोडण्यापूर्वी लिहावा. बदलापूरहून गाडीने घरी पोहोचेपर्यंत मन प्रसंगाला आपला रंग देऊ लागते, आणि मिनिटांचा क्रम विसरला जातो. मार्गदर्शक शिक्षकाने पाठ निरीक्षणात वेळा टिपल्या असतील, तर त्या मागून घ्याव्यात. या भागात मत दर्शविणारे शब्द येऊ देऊ नयेत. चांगले, वाईट, हुशार, मठ्ठ, गोंधळ, दुर्लक्ष असे शब्द आले, की त्या जागी डोळ्यांना दिसले किंवा कानांनी ऐकले तेच लिहावे. “मुले दुर्लक्ष करीत होती” याऐवजी “मागच्या दोन रांगांतील मुले एकमेकांच्या वह्या पाहत होती” असे लिहिले, म्हणजे त्यातून पुढे काही हाती लागते.

नमुन्याच्या पाठाचा हा भाग असा होईल.

“० ते ९ मिनिटे: प्रस्तावना. बिनहातच्या वजाबाकीची उजळणी. ४८ − २५ हे उदाहरण मुलांनी सोडविले, उत्तर २३ बरोबर आले. बहुतेक हात वर होते. सहाव्या मिनिटाच्या सुमारास मी म्हटले, ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे, लक्षात ठेवा.’ दहाव्या मिनिटास हेतुकथन. १० ते १९: फळ्यावर ४३ − १६ मी सोडवून दाखविले, उत्तर २७. मुले ऐकत होती. विसाव्या मिनिटास मी विचारले, ‘समजले का?’ सर्वांनी एका सुरात ‘हो’ म्हटले. एकविसाव्या मिनिटास ५२ − २७ वहीत सोडविण्यास दिले. चोविसाव्या मिनिटास पुढच्या रांगेतील चार मुलांनी ‘पस्तीस’ असे मोठ्याने सांगितले. एका मुलीने ‘पंचवीस’ म्हटले. दोन्ही बाजूंनी मुले बोलू लागली. सव्विसाव्या मिनिटास मी ‘पस्तीस चूक आहे, खोडा’ म्हटले. काही मुले उठून दुसऱ्यांच्या वह्या पाहू लागली. मी दोनदा मोठ्या आवाजात गप्प बसण्यास सांगितले. तिसाव्या मिनिटास मार्गदर्शक शिक्षक पुढे आले. घंटेपर्यंत उदाहरण फळ्यावर पुरे झाले नाही.”

एवढे लिहिल्यावर एक गोष्ट आपोआप दिसू लागते. पहिली वीस मिनिटे वर्ग शांत होता. पाठ विस्कटला तो चोविसाव्या ते सव्विसाव्या मिनिटात, आणि तोही एका उत्तरावरून. सगळा पाठ वाईट झाला, ही छात्राध्यापिकेच्या मनातील भावना येथे खरी ठरत नाही. पाठास वळण लागले तो क्षण शोधून त्याखाली रेघ ओढावी. नोंदीचा उरलेला भाग त्या एका क्षणासंबंधीच असावा. प्रस्तावना लांबली, फळ्यावरचे अक्षर बारीक होते, अशा इतर उणिवाही असतील. त्या शेवटी एका ओळीत टिपून ठेवाव्यात. सर्वच उणिवांचा विचार एका नोंदीत केला, तर एकीचाही विचार पुरा होत नाही.

३. दुसरा भाग: मुलांच्या वह्या

हा भाग लिहिण्यापूर्वी वर्गाच्या वह्या गोळा करून उत्तरांची वर्गवारी करावी. बरोबर किती व चूक किती, एवढे मोजून भागत नाही. कोणते चूक उत्तर किती जणांनी लिहिले, हे पाहावे लागते. ३१ वह्यांस पंधरा-वीस मिनिटे पुरतात. नोंदीत मुलांची नावे घालू नयेत, हजेरी क्रमांक पुरेसे आहेत. ही वही पुढे अनेकांच्या हाती जाते.

नमुन्याच्या पाठात ५२ − २७ या उदाहरणाची उत्तरे अशी निघाली असे धरू. आठ मुलांचे उत्तर २५, म्हणजे बरोबर. सतरा मुलांचे उत्तर ३५. तिघांचे ७९. तिघांनी काहीच लिहिले नाही.

या आकड्यांकडे शांतपणे पाहावे. मुलांनी लक्षच दिले नसते, तर तेवीस मुलांनी तेवीस तऱ्हांची उत्तरे लिहिली असती. येथे सतरा जणांचे चूक उत्तर एकच आहे. काहींनी शेजाऱ्याचे पाहून लिहिले असेल हे खरे, परंतु निरनिराळ्या रांगांत बसलेल्या सतरा मुलांची चूक तंतोतंत सारखी येते, तेव्हा त्यांच्या मनात एक नियम असतो व तो ती काटेकोरपणे पाळीत असतात. तो नियम वहीतूनच वाचता येतो. एककाच्या घरात २ व ७ आहेत. मुलांनी ७ मधून २ काढून ५ लिहिले. दशकाच्या घरात ५ मधून २ काढून ३ लिहिले. उत्तर ३५. प्रत्येक घरात जो अंक मोठा असेल त्यातून लहान अंक काढावा, वरचा-खालचा पाहू नये, असा हा नियम आहे.

७९ या उत्तराची गोष्ट निराळी आहे. ५२ व २७ यांची बेरीज ७९ होते. या तीन मुलांना हातच्याची अडचण आलेलीच नाही, त्यांनी बेरीजच केली आहे. ही मुले कोण, हे हजेरी क्रमांकावरून पाहावे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात निरनिराळ्या घरभाषांची मुले शेजारी-शेजारी राहतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसविलेल्या निर्वासितांच्या वस्तीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले व तेथे सिंधी वस्ती मोठ्या प्रमाणात झाली. अंबरनाथच्या कारखान्यांमुळे उत्तरेकडील हिंदी भाषक कुटुंबे आली. बदलापूरच्या ग्रामीण भागात कातकरी व ठाकूर वाड्या आहेत. ज्या मुलाने घरी “घटाना” हा शब्द ऐकला आहे, त्यास “वजा करा” या सूचनेचा अर्थ लागला नसेल, असा संभव असतो. परंतु तो संभवच आहे. त्याच तीन मुलांस वजाबाकीचे चिन्ह दाखवून “याला काय म्हणतात व काय करावयाचे?” असे एकेकट्यास विचारल्याशिवाय तो निष्कर्ष म्हणून नोंदीत लिहू नये.

४. तिसरा भाग: स्वतःची मनःस्थिती

हा भाग दोन-तीन ओळींचा असावा, पण गाळू नये. भावना लिहावयाच्या त्या मन मोकळे करण्यासाठी तर असतातच, त्याखेरीज त्यांचा आणखी एक उपयोग आहे. शिक्षकाने त्या क्षणी जे केले, ते पुष्कळदा भावनेच्या भरात केलेले असते, आणि ते त्या दृष्टीने पाहिल्याशिवाय समजत नाही.

“पुष्कळ मुलांनी पस्तीस म्हटले तेव्हा मी घाबरले. मागे मार्गदर्शक शिक्षक बसले होते. चूक उत्तर ताबडतोब पुसले जावे असे वाटले, म्हणून ‘खोडा’ म्हटले. पस्तीस कसे आले हे विचारण्याचे सुचले नाही.”

येथे भावना कृतीला जोडली गेली आहे. “फार वाईट वाटले, रात्री झोप लागली नाही” एवढेच लिहिले असते तर ती जोड मिळाली नसती. भावनेच्या प्रत्येक वाक्यापुढे “म्हणून मी काय केले” हे लिहिण्याची सवय लावून घेतली, म्हणजे हा भाग आपोआप आटोपशीर राहतो.

पहिला प्रयोग फसणे ही गोष्ट नामवंत शिक्षकांच्या लेखनातही आली आहे. ताराबाई मोडक यांचे भावनगर येथील सहकारी गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे गुजराती पुस्तक १९३०च्या दशकाच्या आरंभीचे. त्यातील कल्पित शिक्षकाचा शाळेतील पहिला दिवस असाच फसतो. मुलांस शांत बसविण्याचा त्याने घरी योजलेला खेळ वर्गात मुळीच चालत नाही. तो आपला बेत पुन्हा तपासतो व दुसऱ्या दिवशी गोष्टीपासून आरंभ करतो. घरी केलेली योजना व वर्गातील मुले यांत अंतर कोठे पडले, हे तो पाहतो. चिंतन-नोंदीत पाहावयाचे असते ते हेच.

५. चौथा भाग: कारणाचा शोध

नोंदीचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तो दुसऱ्या दिवशी, वह्या तपासून झाल्यावर लिहावा. येथे एकच कारण मनात धरून बसू नये. तीन संभाव्य कारणे लिहावीत, आणि प्रत्येकापुढे “हे खरे असते तर वह्यांत काय दिसले असते?” असा प्रश्न मांडावा.

नमुन्याच्या पाठात पहिले संभाव्य कारण असे की, मुलांचे लक्ष नव्हते. हे खरे असते तर उत्तरे विखुरलेली असती व पुष्कळ वह्या कोऱ्या असत्या. प्रत्यक्षात सतरा उत्तरे एकच आहेत, कोऱ्या वह्या तीनच आहेत. हे कारण मुख्य म्हणून टिकत नाही.

दुसरे संभाव्य कारण असे की, मुलांनी संख्याच उलट वाचल्या. मराठीत बावन्न म्हणताना दोनचा उच्चार आधी होतो व लिहिताना पाच आधी लिहितात, त्यामुळे लहान मुले ५२ च्या जागी २५ लिहितात, हे शिक्षकांच्या नित्य अनुभवाचे आहे. परंतु उदाहरण फळ्यावर अंकांत लिहिलेले होते, आणि वह्यांत मुलांनी ५२ बरोबर उतरवून घेतले आहे. हेही कारण येथे लागू पडत नाही.

तिसरे संभाव्य कारण असे की, मुलांनी आधीच्या शिकवण्यातून एक अपुरा नियम घेतला. आता पहिल्या भागातील सहाव्या मिनिटाची नोंद पुन्हा वाचावी. “नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे.” छात्राध्यापिकेच्या मनात मोठी संख्या व लहान संख्या होती. मुलांनी मोठा अंक व लहान अंक असा अर्थ घेतला. उजळणीचे उदाहरण ४८ − २५ होते. त्यात दोन्ही घरांत वरचा अंकच मोठा आहे, त्यामुळे मुलांचा नियम वापरूनही उत्तर बरोबरच येते. बिनहातच्या वजाबाकीच्या प्रत्येक उदाहरणात असेच घडते. म्हणजे मुलांचा चुकीचा नियम आजवर एकदाही चूक ठरला नव्हता, आणि पाठाच्या आरंभी शिक्षिकेच्या वाक्याने त्यास दुजोरा मिळाला. फळ्यावरील ४३ − १६ चे उदाहरण मुलांनी पाहिले, परंतु हातचा कशासाठी घ्यावा लागतो याची गरज त्यांस भासली नाही, कारण त्यांच्या मते ६ मधून ३ सहज निघत होते.

आता चोविसाव्या मिनिटाच्या गलक्याचाही उलगडा होतो. सतरा मुलांनी सांगितलेला नियम पाळला होता, आणि त्यांस काही न सांगता “चूक आहे, खोडा” अशी आज्ञा झाली. ती एकमेकांच्या वह्या पाहू लागली, ती आपले काय चुकले हे शोधण्यासाठी. शिस्तीच्या दृष्टीने तो गोंधळ खराच, परंतु त्याचे मूळ शिस्तीत नव्हते.

या भागाचा निष्कर्ष एका वाक्यात लिहावा, आणि त्यात “बहुधा” हा शब्द ठेवावा. “सतरा मुलांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला. बहुधा बिनहातच्या उदाहरणांच्या सवयीमुळे व माझ्या सहाव्या मिनिटाच्या वाक्यामुळे त्यांस तो नियम खरा वाटला.” एका पाठाच्या वह्यांवरून कारण सिद्ध होत नाही. ते पुढच्या पाठात तपासावयाचे असते, म्हणून “बहुधा”.

छात्राध्यापकांकडून येथे दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण सर्व दोष स्वतःकडे घेतात व “मला शिकविता येत नाही” असे लिहितात. काही जण सर्व दोष मुलांवर टाकतात व “वाडीवरची मुले, घरी अभ्यास होत नाही” असे लिहितात. दोन्ही वाक्ये ऐकावयास वेगळी असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. दोहोंनंतर शोध थांबतो. दुसऱ्या वाक्याची परीक्षा वह्यांवरून लगेच करता येते. ३५ लिहिणाऱ्या सतरा मुलांत वाडीवरची किती व गावातील किती, हे हजेरी क्रमांकावरून पाहावे. दोन्हींकडची मुले असतील, तर ते कारण आपोआप गळून पडते.

६. पाचवा भाग: एक बदल व त्याची कसोटी

शेवटच्या भागात पुढच्या पाठासाठी एकच मुख्य बदल लिहावा. तो कारणातून निघालेला असावा, आणि तो उपयोगी पडला की नाही हे कशावरून कळेल, तेही आधीच लिहून ठेवावे.

“पुढच्या गणिताच्या तासाला प्रथम ५२ − २७ हेच उदाहरण घेईन. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या प्रत्येक गटापुढे ठेवीन. ‘यातून सत्तावीस काड्या मला द्या’ असे म्हणेन व हातचा हा शब्द उच्चारणार नाही. सुट्या दोनच असल्याने सात देता येत नाहीत, हे मुलांनी स्वतः सांगावे. गठ्ठा सोडण्याची कल्पना त्यांच्याकडून येईपर्यंत थांबेन. त्यानंतर गठ्ठा सोडणे फळ्यावर मांडीन. ‘मोठ्यातून लहान’ हे वाक्य वापरणार नाही. त्याऐवजी ‘वरच्या संख्येतून खालची काढायची, सुटे पुरेनात तर एक गठ्ठा सोडायचा’ असे म्हणेन. कालचे ३५ हे उत्तर फळ्यावर लिहून त्यात २७ मिळवून पाहावयास सांगेन.”

३५ व २७ मिळून ६२ होतात, ५२ होत नाहीत. आपले उत्तर चूक का, हे मुलांस अशा पडताळ्यावरून स्वतः समजते. कालची “खोडा” ही आज्ञा ज्या ठिकाणी निरुपयोगी ठरली, नेमक्या त्या ठिकाणी हा पडताळा कामास येतो.

कसोटीसाठी तीन उदाहरणे पुरेत. ६४ − ३८, ५८ − २३ आणि ८१ − ४६. पहिल्याचे बरोबर उत्तर २६ आहे. जुना नियम मनात टिकून असेल, तर ३४ येईल. तिसऱ्याचे बरोबर उत्तर ३५, जुन्या नियमाने ४५ येईल. मधले उदाहरण मुद्दाम बिनहातच्याचे ठेवले आहे. हातचा नुकताच शिकलेली मुले गरज नसतानाही गठ्ठा सोडतात, आणि ती नवी चूक सर्व उदाहरणे हातच्याची असली म्हणजे दिसून येत नाही. नोंदीत पुढील वाक्य असावे: “६४ − ३८ चे उत्तर ३४ लिहिणारी मुले सतरावरून चार-पाचांवर आली, तर माझे कारण बरोबर होते असे धरीन. दहाहून अधिक राहिली, तर कारण पुन्हा शोधीन.”

दुसऱ्या पाठानंतर याच पानाखाली निकाल लिहावा. त्यासाठी पान अर्धे कोरे ठेवावे. हा निकाल लिहिला गेला नाही, तर पाचही भाग व्यवस्थित भरूनही नोंद अपुरीच राहते.

७. मार्गदर्शक शिक्षकाने काय करावे

वरील नोंद शक्य झाली ती मुख्यतः एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य छात्राध्यापिकेस आठवेलच असे नाही. शिकविणाऱ्यास स्वतःचे बोलणे फारसे लक्षात राहत नाही. म्हणून पाठ निरीक्षण करताना मार्गदर्शक शिक्षकाने “प्रस्तावना ठीक, आवाज लहान” असे शेरे मारण्याऐवजी वेळ व प्रत्यक्ष शब्द टिपावेत. दर पाच मिनिटांस एक ओळ पुरे. शिक्षकाचे महत्त्वाचे प्रश्न व मुलांची उत्तरे शब्दशः लिहावीत, विशेषतः चूक उत्तरे.

पाठ संपताच उणिवा सांगू नयेत. प्रथम वह्या गोळा करण्यास सांगावे व “यात काय दिसते?” एवढेच विचारावे. कारण मार्गदर्शकाने सांगून टाकले, तर नोंदीत त्याचेच शब्द उतरतात. नोंद वाचताना शुद्धलेखनापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या भागात मत दर्शविणारा शब्द आला आहे काय? चौथ्या भागातील कारणास वह्यांतील आधार आहे काय? पाचव्या भागातील बदल पुढच्या तासाला डोळ्यांना दिसेल असा आहे काय? ज्या वाक्यास आधार नसेल त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून “कशावरून?” असे लिहावे.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. नोंदीस गुण द्यावयाचे ठरले, म्हणजे छात्राध्यापक परीक्षकास आवडेल असे फसणे व सावरणे रचून लिहू लागतात. म्हणून फसलेल्या पाठाच्या नोंदीवरून पाठाचे गुण कमी करू नयेत. तसेच प्रत्येक पाठाची अशी सविस्तर नोंद लिहिणे शक्य नाही व आवश्यकही नाही. आठवड्यातून एक पाठ निवडावा, तोही जेथे मुलांच्या वह्या हाताशी आहेत असा. कविता किंवा गोष्ट अशा तोंडी पाठात वह्या नसतात. तेथे पाच-सहा मुलांस पाठानंतर एकच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत, व दुसऱ्या भागात त्यांचा उपयोग करावा.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत करावयाचा अभ्यास

१. आपल्या वर्गात ५२ − २७ व ७० − २४ ही उदाहरणे द्यावीत. चूक उत्तरांची वर्गवारी करावी. दुसऱ्या उदाहरणात ५४ व ५० ही उत्तरे किती जणांनी लिहिली, आणि त्या दोन उत्तरांमागे कोणते दोन निरनिराळे नियम आहेत, ते लिहून आणावे.

२. पहिल्या प्रकरणातील सहा वाक्यांची नोंद घ्यावी. त्यातील कोणत्या वाक्यापुढे “कशावरून?” असे लिहावे लागेल, ते ठरवावे.

३. दोघा शिक्षकांनी एकच पाठ पाहून स्वतंत्रपणे पहिला भाग लिहावा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून, पाठास वळण लागल्याचा क्षण दोघांनी एकच धरला आहे काय, याची चर्चा करावी.